पाचव्या डब्यातले शब्द

दयानंद गुरुजींना आयुष्यात एकच वाक्य कधी बोलता आलं नाही, ते म्हणजे 'मला येत नाही'. जीभ अडखळायची असं नाही, पण ते वाक्य म्हणजे त्यांना अंगावरचं धोतर फेडल्यासारखं वाटायचं. लातूरजवळच्या मुरुडच्या पंचक्रोशीत तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली, शेवटी हेडमास्तर होऊन रिटायर झाले. भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळा गाव त्यांचा विद्यार्थी. अशा माणसानं वयाच्या बासष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतलं, आणि तेही स्वतःच्या लेकीकडून!

लेक म्हणजे ऋतुजा. तिला डॉक्टर करायचं गुरुजींनी पक्कं ठरवलं होतं. लातूरला नेऊन ठेवलं, क्लास लावले, पण पोरीचं मन लागलं नाही. ती हैदराबादला गेली, स्पॅनिश शिकली, आणि लग्न होऊन नांदेडला आली. दोन-चार वर्षं गुरुजी लोकांना सांगायचे, "ती परदेशी भाषेत काहीतरी करून राहिली." त्या 'काहीतरी'त सगळा राग होता. मग ऋतुजा घरबसल्या शिकवायला लागली. हॉटेलचा कोर्स केलेली पोरं, परदेशी कंपन्यांचं काम घेणाऱ्या मुली, असे एकेक जण येऊ लागले, तसा गुरुजींचा सूर बदलला. दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा तेच म्हणाले, "अगं, नवशिक्यांसाठी काहीतरी पद्धतशीर आखलंयस का? आखलं असशील तर पहिला विद्यार्थी मी."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या दिवशी तिनं मिठाईचे पाच रिकामे डबे घेतले, वर आकडे टाकले, आणि ओसरीत बापापुढं मांडले.

"हे बघा बाबा. रोज आठ नवे शब्द. जास्त नाही. शनिवार-रविवार नवे काही नाही. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला स्पॅनिश. मराठी बघायचं, स्पॅनिश मोठ्यानं बोलायचं, आणि मगच चिठ्ठी उलटायची. आधी उलटायची नाही."

"एवढं समजतं मला."

"बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात. चुकलं की कुठल्याही डब्यातली असू द्या, थेट पहिल्यात. पहिला डबा रोज उघडायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. शब्द विसरायच्या बेताला आला की त्याच वेळी तो आठवायचा. जरा ताण पडला पाहिजे. ताण पडून आठवलं तर ते टिकतं."

गुरुजींना ते पटलं. निदान मान तरी डोलावली. मग त्यांनी पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या चाळल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय गं? कांदा, पिशवी, महाग, विकत घेणे? भाज्या म्हटलं की वीस भाज्या एका दमात द्याव्यात. पाठांतराला सोपं जातं."

"नाही जात बाबा. वीस भाज्या एकदम दिल्या की त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून मी बाजार घेतलाय. बाजारात गेलं तर काय लागेल? एखादी भाजी, पिशवी, भाव, घासाघीस. मग स्वयंपाकघर, मग घरातली माणसं, मग दुखणंखुपणं. चमचा आणि सुरी हे शब्द स्पॅनिशमध्ये दिसायला सारखे आहेत, म्हणून ते मी दोन वेगळ्या आठवड्यांत टाकलेत."

"लई डोकं लावलंस बाई," आतून कस्तुराबाई म्हणाल्या. त्या ऋतुजाच्या आई. "ह्यांच्या शाळेत तर पोरांना एका दिसात अख्खा धडा पाठ करावा लागायचा. न्हाई आला की घंटा होस्तोवर उभं."

"आणि त्यातलेच पुढं साहेब झाले," गुरुजी म्हणाले.

पहिले पंधरा दिवस गुरुजींनी इमानेइतबारे काढले, हे सांगायलाच हवं. सकाळी पूजा झाली की डबा उघडायचा. "कांदा... सेबोया!" असं खणखणीत म्हणायचे. चुकलं तर चिठ्ठी मागं टाकायचे, जरा तोंड वाकडं करून. पण एक दिवस लसणाची चिठ्ठी आली. काही केल्या आठवेना. पलीकडं कस्तुराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. गुरुजींनी चिठ्ठी उलटली, 'आखो' वाचलं, आणि म्हणाले, "हां हां, हेच तर म्हणणार होतो." चिठ्ठी पुढच्या डब्यात.

झालं! माणसाला एकदा ही वाट सापडली की सोडवत नाही. 'हेच म्हणणार होतो' हे वाक्य दिवसातून चारदा, मग दहादा निघू लागलं. आणि गंमत अशी की त्यांना ते खरंच वाटायचं. उत्तर डोळ्यापुढं आलं की कुणालाही वाटतं, अरे, हे तर मला ठाऊक होतं. बत्तीस वर्षं पोरांना पुस्तक मिटून विचारलेल्या माणसाला हा फरक कळत नव्हता असं थोडंच आहे? पण कळणं वेगळं आणि बायकोसमोर चिठ्ठी मागं टाकणं वेगळं.

"आपलाच पेपर, आपनच तपासनार," कस्तुराबाई एकदा बोलल्याच. "मग नापास व्हनार कोन?"

"तू शेंगा सोल."

दर रविवारी ऋतुजाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती त्या आठवड्याचे शब्द विचारायची. गुरुजी शनिवारी संध्याकाळी चाळीसच्या चाळीस शब्द घोकून बसायचे, आपल्या जुन्या पद्धतीनं, आणि रविवारी धडाधड म्हणून दाखवायचे. मंगळवारपर्यंत त्यातले निम्मे उडालेले असायचे. पण मंगळवारी विचारायला कोण होतं? आणि जुन्या शब्दांचं काय, असं ऋतुजानं विचारलं की ते डबा उचलून कॅमेऱ्यापुढं धरायचे. "हे बघ. पाचवा भरत चाललाय."

"बाबा, एकही चिठ्ठी मागं आली नाही? हॉटेलवाली पोरंसुद्धा दहातल्या दोन-तीन मागं टाकतात."

"त्यांची आणि माझी बरोबरी करतेस होय?"

पोर हरखून गेली. संशय घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. बाप खोटं बोलेल असं तिला सात जन्मांत वाटलं नसतं.

संक्रांत झाली आणि ऋतुजाचा फोन आला. आवाज नुसता नाचत होता. नांदेडला शिवशंकरचे मोठे क्लासेस होते, लातुरातही शाखा होती. हा शिवशंकर मुरुडचाच, गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला होता, की ताई, दोन्हीकडं स्पॅनिशची बॅच काढू, पण आधी लोकांना काहीतरी दाखवा. "आणि बाबा, मी त्यांना तुमचं सांगितलं. अडीच महिन्यांत अडीचशे शब्द पक्के, बासष्टाव्या वर्षी! शनिवारी या. बाजार मांडते टेबलावर. तुम्ही नुसती भाजी विकत घ्यायची. एवढी बॅच मिळाली ना, तर मला दुसरं काही नको."

गुरुजींची नजर पाचव्या डब्याकडं गेली. त्याच क्षणी सांगता आलं असतं. "बघू," म्हणाले, आणि मग लगेच, "येतो की."

तीन दिवस त्यांनी डबे उपसले. पाचव्या डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या आणि बघायचं, तर दहातल्या सहा कोऱ्या! म्हणजे चिठ्ठीवर अक्षर होतं, कोरं होतं ते त्यांचं डोकं. घोकून घोकून तोंडाला फेस आला. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडायला लागले.

शनिवारी शिवशंकरच्या हॉलमध्ये पाऊणशे माणसं तरी होती. पोरं, पोरी, त्यांचे आईबाप. शिवशंकर धावत आला आणि भर हॉलमध्ये गुरुजींच्या पाया पडला. "हे माझे गुरुजी. ह्यांनी घडवलं मला." टाळ्या पडल्या. कस्तुराबाई पहिल्या रांगेत, डोक्यावरचा पदर सावरत. ऋतुजानं सगळ्यांना शब्दांचं एकेक पान वाटलं, डब्यांची पद्धत समजावली, आणि टेबलामागं भाजीवाली होऊन उभी राहिली. तिनं बापाकडं इतक्या विश्वासानं बघितलं, की गुरुजींना वाटलं, जमीन दुभंगावी.

"के किएरे?" तिनं विचारलं. काय हवंय?

"सेबोया," गुरुजी म्हणाले आणि कांदा उचलला. टाळ्या! हा शब्द खरा होता. पहिल्या पंधरवड्यातला, चुकून, मागं जाऊन, पुन्हा येऊन बसलेला.

मग त्यांनी लसूण उचलला. डोक्यात अंधार. पण हेडमास्तरचा आवाज तर शाबूत होता! त्यांनी छाती काढून ठणकावलं, "ला पुएर्ता!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुणाला काय कळतंय? त्यांनी चमचा उचलला, "कुचियो!" पुन्हा टाळ्या. फक्त ऋतुजाचं हसू जागच्या जागी गोठलं होतं. गुरुजींना ते दिसत होतं आणि तरी ते पुढं रेटत होते. मिठाची पुडी घेतली आणि त्यांनी सरळ मनानंच रचलेला शब्द ठोकून दिला.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हातातल्या पानाकडं बघत उठली. बिचारी अगदी साधेपणानं म्हणाली, "सर, ह्या पानावर लसणाला आखो लिहिलंय. आणि पुएर्ता म्हणजे दरवाजा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग पानांची फडफड सुरू झाली. "चमच्यालापण सुरी म्हणले की!" "आणि मिठाला म्हणले तो शब्द तर पानावर कुठंच न्हाई!" गुरुजी मिठाची पुडी हातात धरून उभे. समोर सगळा हॉल बघत होता आणि त्यांना कस्तुराबाईंकडं बघायची हिंमत झाली नाही.

शिवशंकरनं झटकन पुढं होऊन त्यांना खुर्ची दिली. "असू द्या, असू द्या. वय झालं गुरुजींचं. ह्या वयात एवढं केलं हेच लई झालं." हे तो मनापासून म्हणाला. छडी मारली असती तर सोसली असती, ही माया सोसवेना. मग तो ऋतुजाला बाजूला घेऊन बोलू लागला. बाजूला म्हणजे काय, दोन हातांवर. गुरुजींना सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तुमच्या डब्यांत दम न्हाई बघा. महिन्यानं एकदा बघायचं म्हटल्यावर डोक्यात राहील कसं? आपल्याकडं चालतं ते आपलंच चालवू. रोज शंभर शब्द, रविवारी टेस्ट, नंबर बोर्डावर. उद्या सकाळी नावनोंदणी आहे, तेव्हा हेच सांगू लोकांना. हे कबूल असेल तर बॅच तुमची."

"माझंच चुकलं असेल," ऋतुजा म्हणाली. आवाज इतका बारीक, की शाळेतली ऋतुजाच बोलतेय जणू. "अंतरं जास्त झाली असतील. किंवा मी गट नीट पाडले नाहीत. बाबांनी तर सगळं सांगितल्यासारखंच केलंय."

*बोल,* गुरुजींनी स्वतःला बजावलं. *आत्ता बोल.* पण तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी लेकीच्या घरी जेवण कुणाला गेलं नाही. ऋतुजानं शब्दांच्या गटांचा आणि डब्यांच्या दिवसांचा आपला तक्ता जमिनीवर पसरला आणि ती एकेक गट तपासत बसली. पंधरवड्याचा आठवडा केला, महिन्याचा पंधरवडा केला, मग खोडलं. स्वयंपाकघरातले शब्द बाजारात नेले, परत आणले. मध्येच बापाला विचारायची, "बाबा, लसूण तिसऱ्या डब्यातून चौथ्यात गेला तेव्हा लगेच आठवला होता का? की वेळ लागला होता?" गुरुजी म्हणाले, "आठवत नाही." हे तरी खरं होतं. भाकरी खराब निघाली म्हणून बाईनं चांगली चूल मोडायला घ्यावी, आणि पिठात माती कालवणारा तिथंच पाटावर बसलेला असावा, तशी त्यांची गत झाली होती. कस्तुराबाई भांडी आवरत होत्या. त्या नवऱ्याजवळून जाताना एवढंच म्हणाल्या, "पोरगी चांगला तक्ता मोडून राहिली. बघत बसा." आणि निघून गेल्या.

सकाळी ऋतुजा लवकर क्लासला गेली. गुरुजींनी अंघोळ केली, टोपी घातली, टोपी काढली, पुन्हा घातली. मग बायकोला न सांगता खाली उतरले आणि ऑटोत बसले. वाटेत दोनदा ऑटो परत फिरवावीशी वाटली. माणसाची लाज कशी असते बघा, खोटं बोलताना ती कुठं झोपलेली असते कोण जाणे, आणि खरं बोलायची वेळ आली की आडवी येऊन बसते.

हॉलमध्ये कालचीच निम्मी माणसं होती. फळ्यावर शिवशंकरनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : रोज १०० शब्द. ऋतुजा बाजूला उभी राहून ते वाचत होती, आणि मान खाली घालून 'हो' म्हणण्याच्या बेतात होती. काल पान बघून उठलेली मुलगीही आईबरोबर बसलेली.

"शिवशंकर," गुरुजी दारातूनच म्हणाले. "मला दोन मिनिटं बोलायचंय."

"या ना गुरुजी! बसा."

"बसत नाही. उभाच बरा." सगळ्यांनी वळून बघितलं. गुरुजींनी भिंतीला हात टेकला. "काल तुम्ही जे पाहिलं, ती ह्या पोरीच्या पद्धतीची चूक नाही. तिनं सांगितलं होतं, आलं तर पुढं, नाही आलं तर मागं. मी मागं टाकलंच नाही. येत नव्हतं तरी पुढं टाकलं. मग तो शब्द महिनाभर माझ्यापुढं आलाच नाही. ज्या शब्दाला रोज बघायला हवं होतं, त्याला मी लांब पाठवून दिलं. शनिवारी घोकून रविवारी म्हणून दाखवायचो. घोकलेलं दोन दिवसांत उडायचं. मी... मला येत नव्हतं."

निघालं एकदाचं ते वाक्य! पण निघून हलकं बिलकं काही वाटलं नाही. उलट कालच्यापेक्षा जास्त उघडं पडल्यासारखं झालं. ऋतुजा त्यांच्याकडं बघत होती. त्यांना वाटलं, आता ही रागवेल. रागवली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, पाचव्या डब्यातले सगळेच तसे?" तिनं हळूच विचारलं.

"सगळे नाहीत. पण खरे कुठले आणि खोटे कुठले, ते आता मलासुद्धा ठाऊक नाही."

ऋतुजानं डोळे पुसले. रात्रभर मोडून ठेवलेला तिचा तक्ता टेबलावर होता, खाडाखोड केलेला. तिनं तो उलटा करून ठेवला.

"पण मग टाकलं का न्हाई मागं?" कालच्या त्या मुलीनं विचारलं. आईनं तिला कोपरानं ढोसलं, पण ती ऐकेना. "घरात तर कुणी मारनार नव्हतं तुमाला."

उत्तर दिलं शिवशंकरनं. तो खडू हातात घेऊन फळ्याजवळच उभा होता, आणि त्याचा आवाज एकदम गावाकडचा झाला.

"गुरुजी, राग मानू नका. येत नसताना येतं म्हणायचं मीपण तुमच्याच वर्गात शिकलो. घंटा होस्तोवर उभं राहायला लाज वाटायची, म्हणून मागच्याचं ऐकून पुटपुटायचो. तुम्ही शाबास म्हणायचे. आम्ही सगळेच करायचो ते. सगळाच वर्ग." "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीत असेल."

गुरुजींना माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं शाबास म्हटलेल्या पोरांचे चेहरे एकदम डोळ्यांपुढून जायला लागले, आणि त्यातलं खरं कोण आणि खोटं कोण, हेही त्यांना आता कुणी सांगू शकणार नव्हतं. ते भिंतीला धरून खाली बसले, खुर्ची शेजारी असताना फरशीवर.

शिवशंकरनं फळ्याकडं तोंड केलं. शंभराच्या आकड्यावर त्यानं तळहात फिरवला. "ताई, किती म्हणाल्या होत्या तुम्ही रोजचे?"

"आठ," ऋतुजा म्हणाली.

त्यानं आठ लिहिलं. मागं वळून न बघता म्हणाला, "आणि चुकलं तर काय करायचं, ते पण सांगा. सगळ्यांना कळेल असं."

ऋतुजा सांगायला लागली. पोरं लिहून घेऊ लागली. गुरुजी फरशीवर बसून ऐकत होते, आणि पोरीचा शब्द न् शब्द पहिल्यांदाच त्यांच्या कानांवर पडत होता.